तिघांनी सांगितले, पण तिघांना कोणी सांगितले?

ताई, मी २६ वर्षांचा असून पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. सांगलीला इंजिनिअरिंग करताना जमलेला आमचा सात जणांचा ग्रुप आता पुण्यातच आहे. त्यातली एक मैत्रीण मला दोन वर्षांपासून आवडते, पण मी कधी बोललो नाही. मे महिन्यात एका लग्नात एका मित्राने मला बाजूला घेऊन सांगितलं, की "तिच्या मनात तुझ्याबद्दल काहीतरी आहे." जुलैत राजगडाच्या ट्रेकला दुसरा मित्र सगळ्यांसमोर म्हणाला, "तू येणार नसतास तर तीही आली नसती." ती नुसती हसली. ऑगस्टच्या शेवटी तिच्या रूममेटने मला एकटं गाठून विचारलं, "तुझ्या घरी लग्नाचं बघायला लागलेत का?" पण तिने सांगितलं असं काहीच नाही, म्हणून ते मी फारसं धरत नाही. तरी इतके जण एकच गोष्ट सुचवतात, तेव्हा ती खोटी कशी असेल? गेले पंधरा दिवस मात्र ती माझ्याशी तुटक बोलते. दिवाळीनंतर आई मला एक मुलगी पाहायला कोल्हापूरला नेणार आहे. मित्रांवर विश्वास ठेवून तिला सरळ लग्नाचं विचारू का?
— निनावी, पुणे

तुमचे मित्र खोटे बोलत आहेत असे मला मुळीच वाटत नाही, आणि म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. माणूस प्रामाणिक असला म्हणजे त्याला ती गोष्ट ठाऊक असतेच असे नाही. "तिच्या मनात काहीतरी आहे" हे वाक्य चार निरनिराळ्या ठिकाणांहून निघू शकते. तिने स्वतः ते सांगितलेले असेल; तिने दुसरेच काही सांगितले आणि मित्राने त्यावरून अर्थ काढला असेल; तिचे वागणे पाहून त्याने अंदाज बांधला असेल; किंवा त्यालाही ते तिसऱ्याच कोणाकडून कळले असेल. या चारांची किंमत अगदी वेगवेगळी आहे, पण तुमच्या कानापर्यंत येईतो चारही एकसारखीच ऐकू येतात. तेव्हा सांगणारा किती विश्वासू आहे हे नंतर पाहू. हे वाक्य मुळात कोठून निघाले, ते आधी शोधायला हवे.

मी हे अनुभवावरून लिहिते आहे, कारण असा निरोप मी स्वतः एकदा पोचवला आहे. वसतिगृहात असताना माझ्या खोलीतली मैत्रीण वर्गातल्या एका मुलाचे नाव वारंवार घेत असे. शनिवारी गावी जायचे म्हटले की "तो येणार आहे का, विचार ना" हे तिचे ठरलेले वाक्य असे. मी दोन-तीन महिने ते ऐकले, मनाशी खूणगाठ बांधली आणि एके दिवशी त्या मुलाला सांगून टाकले, की तिला तू आवडतोस. मला त्यात शंभर टक्के खात्री होती आणि दोघांचे भले व्हावे हीच इच्छा होती. पुढे त्याने तिला विचारले, तेव्हा ती अवाक झाली. दोघे एकाच तालुक्याचे होते आणि रात्रीच्या एसटीने एकटीने जायला नको, म्हणून तिला त्याची सोबत हवी असे. त्यापलीकडे तिच्या मनात काही नव्हते. त्या मुलाने सात-आठ महिने माझ्या एका वाक्यावर काढले होते. ती माझ्यावर रागावली ती एवढ्याचसाठी, की मी त्याला सांगितले आणि तिला एकदाही विचारले नाही. आजही कोणी "मला नक्की माहीत आहे" असे म्हणाले, की मला माझी तेव्हाची खात्री आठवते.

आता तुमचे तीन संकेत एकेक करून पाहू, कारण ते एका मापाचे नाहीत.

मे महिन्यातला पहिला संकेत घेऊ. तुम्ही लिहिता की दोन वर्षांत तुम्ही कधी बोलला नाहीत. तिच्याशी बोलला नाहीत हे मी मानते. पण त्या मित्राशीही कधी बोलला नाहीत का? आणि बोलला नसाल, तरी सात जणांच्या घट्ट ग्रुपमध्ये दोन वर्षांची ओढ लपून राहिली असेल का? मला वारंवार दिसणारी गोष्ट अशी, की मित्राला आधी तुमच्या मनातले कळलेले असते. मग तो तिच्याकडे त्याच नजरेने पाहू लागतो, तिने तुमच्या ताटात वाढलेला पापडही त्याच्या लक्षात राहतो, आणि तुम्हाला बरे वाटेल अशी बातमी तो मनापासून तुमच्याकडे आणतो. अशा वेळी जो आवाज तुम्हाला तिचा वाटतो, तो तुमचाच आवाज मित्राच्या भिंतीवर आपटून परत आलेला असू शकतो. त्याला तुमचे मन ठाऊक असेल, तर त्याच्या साक्षीचे वजन निम्म्याहून कमी धरा.

बाहेरून पाहणाऱ्याला जास्त स्पष्ट दिसते, हा आपला समजही या बाबतीत फारसा टिकत नाही. अँटोनिया अॅबी या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी आहे. त्यात अनोळखी तरुण-तरुणीच्या जोडीला पाच मिनिटे गप्पा मारायला सांगितले होते आणि आणखी एक तरुण व एक तरुणी लपून त्या गप्पा पाहत होते. गप्पा मारणाऱ्या तरुणाला समोरच्या मुलीच्या वागण्यात जितके आकर्षण दिसले, तितके मुलींना दिसले नाही. पण विशेष म्हणजे बाजूने पाहणाऱ्या तरुणालाही तसेच जास्त दिसले. साधे मोकळे, हसतमुख वागणे त्याने ओढीच्या खात्यात टाकले. म्हणजे तुमचा मित्र स्वतः त्यात गुंतलेला नाही म्हणून तो तटस्थ, असे गृहीत धरता येत नाही. तुमची जी चूक होऊ शकते, तीच दुरून पाहताना त्याचीही होऊ शकते. आणि दोघांची चूक सारखी निघाली, की ती एकमेकांना दुजोरा दिल्यासारखी भासते.

शिवाय वाक्य एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना सगळ्यात आधी काय गळते, तर "कदाचित", "मला वाटतं", "असा" यांसारखे छोटे शब्द. समजा, एखाद्या संध्याकाळी मैत्रिणींच्या गप्पांत ती म्हणाली, की "त्याच्यासारखा समजूतदार मुलगा मिळाला तर बरं होईल." ऐकणारीने ते पुढे सांगितले, "तिला त्याच्यासारखा मुलगा हवाय." तिसऱ्याने ऐकले, "तिला तो आवडतो." आणि लग्नाच्या मांडवात ते तुमच्यापर्यंत आले, "तिच्या मनात तुझ्याबद्दल काहीतरी आहे." यात कोणीही खोटे बोललेले नाही, "त्याच्यासारखा" मधला "सारखा" तेवढा वाटेत पडला. "आवडतो" हे आपले क्रियापदही फार ऐसपैस आहे. भावाचा मित्र आवडतो, शिक्षक आवडतो, आणि ज्याच्याशी संसार करावा असे वाटते तोही आवडतोच. मूळ वाक्य हाती आल्याशिवाय यातला कोणता अर्थ होता, हे कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून त्या पहिल्या मित्राला एकदा निवांत भेटा आणि विचारा, "हे तिने तुला सांगितलं, की तुला असं वाटलं?" उत्तर कसे येते याकडे नीट लक्ष द्या. "अरे, कळतंच ना!" असे आले, तर तो अंदाज आहे. "सगळ्यांनाच माहीत आहे" असे आले, तर बहुधा कोणीच स्वतःच्या कानांनी ऐकलेले नाही. "अमुक मला म्हणाली" असे आले, तर मग तुमच्या यादीतून हा मित्र कमी करा आणि त्या अमुक व्यक्तीला धरा. उलट तो थोडा अडखळला, "मी सांगायला नको होतं" असे म्हणाला, आणि कधी, कोठे, कशाच्या संदर्भात, कोणत्या शब्दांत हे त्याला सांगता आले, तर ती साक्ष भरीव आहे. कारण दुसऱ्याचे गुपित जवळ बाळगणाऱ्याला ते उघड करताना ओझे वाटते, आणि अंदाज सांगणाऱ्याला ते वाटत नाही. तिने विश्वासाने काही सांगितले असेल, तर तपशील काढून घेण्याचा आग्रह मात्र धरू नका. त्याने स्वतः ऐकले की नाही, एवढे कळले तरी तुमचे काम होते. आणि "मग तूच तिला एकदा विचारून बघ" असे त्याला चुकूनही सांगू नका. त्याने साखळीत आणखी दोन कड्या वाढतील आणि परत येणारे उत्तर आताच्यापेक्षाही धूसर असेल.

याच भेटीत दुसरीही एक गोष्ट विचारून घ्या: राजगडावर जो बोलला, त्याला हे कोणी सांगितले? मे महिन्यातल्या मित्रानेच जुलैतल्या मित्राला सांगितले असेल, तर तुमच्याकडे दोन साक्षीदार नाहीत, एकच साक्ष दोन तोंडांनी बोलते आहे. "इतके जण सांगतात" या तुमच्या सगळ्या भरवशाचा पाया असा एका प्रश्नात तपासला जातो. तोंडे मोजू नका, उगम मोजा.

राजगडावरच्या त्या वाक्याला मी जवळजवळ काहीच किंमत देत नाही. ते सांगणे नव्हते, चिडवणे होते. सगळ्यांसमोर एखाद्या मुलीचे नाव जोडले, की तिच्यापुढे उरलेले सगळे मार्ग एकाच अर्थाकडे नेतात: ती रागावली तर "बघ, किती लागलं," गप्प बसली तर "कबूल आहे," आणि हसली तर "लाजली." डोंगरावर, दमलेल्या मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात, वातावरण न बिघडवता सुटण्याचा एकच मार्ग तिच्याकडे होता, तो म्हणजे हसणे. त्या हसण्यातून तुम्ही होकारही वाचू नका आणि नकारही वाचू नका. त्या वाक्यातला जो भाग पडताळता येतो, तो मात्र पडताळून पाहा. ट्रेक ठरला तेव्हा ग्रुपवर कोणी कधी होकार दिला, ते संदेश तारखेनिशी अजून तुमच्या फोनमध्ये असतील. तिचा होकार तुमच्या आधी आलेला असेल, तर ते वाक्य तेथेच संपले. तुमच्यानंतर आलेला असेल, तरी त्यातून फारसे सिद्ध होत नाही, कारण तुमच्यानंतर होकार देणारे आणखीही असतील. पण निदान मित्राने ते हवेतून काढले नव्हते, एवढे कळेल.

आता तिसरा संकेत, जो तुम्ही "फारसा धरत नाही" म्हणून बाजूला ठेवलात. माझ्या मते तिघांत हाच सर्वांत वजनदार आहे. पहिल्या दोघांनी तुम्हाला काहीतरी सांगितले. हिने तुम्हाला काहीतरी विचारले, आणि या बाबतीत सांगणाऱ्यापेक्षा विचारणाऱ्याकडे जास्त लक्ष द्यावे. आपल्याकडे ठरवून होणाऱ्या लग्नांत मध्यस्थ एकदम मुलीचे नाव घेऊन येत नाही. तो आधी सहज म्हणून विचारतो, "यंदा मुलाचं करायचं आहे का?" समोरून "इतक्यात नाही" आले, तर विषय तेथेच थांबतो; मुलीकडच्यांनी विचारले होते आणि नकार मिळाला, असे कोणाच्या तोंडी येत नाही आणि दोन्ही घरांचा मान राहतो. ही चाचपणी फक्त वडीलधारी माणसे करतात असे नाही. ज्या मुलीला स्वतःहून पुढे होणे अवघड वाटते, तिच्यासाठी तिची अगदी जवळची मैत्रीण हेच काम करते, कधी तिच्या सांगण्यावरून, तर कधी तिची घालमेल पाहून आपणहून.

खऱ्या चाचपणीची लक्षणे चिडवण्याच्या अगदी उलट असतात. ती एकांतात होते. ती एकदाच होते. ती करणारी व्यक्ती तिच्या सर्वांत निकटची असते, ग्रुपमधला सर्वांत बोलका मित्र नव्हे. आणि तिच्यात सांगण्यासारखे काहीच नसते, कारण पुढे काही झाले नाही तर "मी आपलं सहज विचारलं" असे म्हणता आले पाहिजे. तुमच्या पत्रातला प्रसंग या वर्णनात बसतो. तरीही मी त्याला खात्री म्हणणार नाही. त्या प्रश्नाची इतर कारणे असू शकतात: रूममेटच्या ओळखीत एखादे स्थळ असेल, ती स्वतःच तुमच्याविषयी विचार करत असेल, किंवा तिच्या स्वतःच्या घरी तोच विषय चालू असल्यामुळे ती ज्याला-त्याला तेच विचारत असेल. या शेवटच्या शक्यतेचा छडा सहज लागतो. ग्रुपमधल्या दुसऱ्या अविवाहित मुलालाही तिने तेच विचारले का, एवढे कळले की पुरे.

पण मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा पडला, की तुम्ही तिला उत्तर काय दिलेत? पत्रात ते नाही. प्रश्न ऑगस्टच्या शेवटी आला. तुम्ही जर "हो, दिवाळीनंतर कोल्हापूरला मुलगी पाहायला जायचंय" असे सांगून मोकळे झाला असाल, तर ते उत्तर त्याच संध्याकाळी त्यांच्या खोलीत पोचले असण्याची शक्यता आहे. मग या पंधरा दिवसांच्या तुटकपणाचा एक अर्थ असा होऊ शकतो, की तिला जे कळायचे होते ते कळले आणि ती मागे सरकली. दुसरा अर्थ असा, की राजगडापासून चाललेल्या चिडवण्याला ती कंटाळली आहे आणि तुमच्याशी मोकळे बोलले तर आणखी चर्चा होईल म्हणून अंतर ठेवते आहे. असे अंतर आवड असलेली मुलगीही ठेवते आणि नसलेलीही ठेवते. तिसरा अर्थ असा, की तिच्या घरी किंवा नोकरीत काहीतरी चालले आहे आणि त्याचा तुमच्याशी संबंधच नाही. या तिन्हींतला तुम्हाला हवा तो अर्थ तुम्ही आज उचलू शकाल, पण तो निवडायला लागणारा पुरावा तुमच्या हातात नाही.

या अनिश्चिततेचा तुमच्या मनावर काय परिणाम होतो, त्याचीही दखल घेतली पाहिजे. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थिनींना सांगण्यात आले, की काही तरुणांनी तुमचे फेसबुक प्रोफाइल पाहिले आहे. काहींना सांगितले की या तरुणांना तुम्ही खूप आवडलात. काहींना, की साधारण आवडलात. आणि काहींना, की खूप आवडला असाल किंवा साधारण, हे निश्चित नाही. सर्वांत जास्त ओढ या तिसऱ्या गटातील मुलींना वाटली, आणि त्या तरुणांचा विचारही त्यांच्याच मनात सर्वांत जास्त येत राहिला. अभ्यास फक्त मुलींवर आणि थोड्या जणींवर झाला होता, पण त्यात दिसलेली गोष्ट ओळखीची आहे. मे महिन्यापासून तुम्हाला ती अधिक आवडू लागली असेल, तर त्यातला काही भाग तिच्यामुळे नसून "असेल का, नसेल का" या झुलत्या स्थितीमुळे आहे. तुम्ही लग्नाचे विचारायला निघाला आहात, म्हणून हे वेगळे करून पाहणे आवश्यक आहे.

यावर एक उपाय मला उपयोगी वाटतो. मे महिन्यातले ते लग्न ही सीमारेषा धरा. त्यानंतर तुम्हाला जे-जे दिसले, ते तूर्त बाजूला ठेवा, कारण मित्राचे वाक्य ऐकल्यानंतर तुमचे डोळे आणि तुमचे वागणे दोन्ही बदलले. १९८६ साली कर्टिस आणि मिलर या संशोधकांनी दाखवले होते, की समोरच्याला आपण आवडतो असे ज्यांना खोटेच सांगितले गेले, ते जास्त मोकळे आणि प्रेमळ वागले, आणि त्यामुळे समोरच्यालाही ते खरोखर जास्त आवडले. हे चांगलेच आहे, पण याचा अर्थ असा, की मे महिन्यानंतरची तिची आपुलकी कदाचित तुमच्या बदललेल्या वागण्याला दिलेली साद असेल. मित्राने मे महिन्यात जे सांगितले त्याचा तो पुरावा ठरत नाही. मे महिन्याच्या आधीचे आठवा. ग्रुप सोडून ती तुमच्याशी स्वतंत्रपणे, स्वतःहून, कामाशिवाय कधी बोलायला आली होती का? तुम्ही आजारी पडलात, नोकरी बदललीत, घरी काही झाले, तेव्हा चौकशी करून ती थांबली, की दोन दिवसांनी पुन्हा तिने आठवणीने विचारले? तुम्ही सहज बोललेली एखादी गोष्ट महिन्यांनंतर तिच्या बोलण्यात आली होती का? आणि तेवढेच ती बाकीच्या पाच जणांसाठीही करते का? हा शेवटचा प्रश्न टाळू नका, कारण काही माणसे सगळ्यांशीच तितकी जिव्हाळ्याने वागतात.

हे मी मुद्दाम विचारते आहे, कारण तुमच्या पत्रात तीन माणसांची वाक्ये अवतरणचिन्हांत आहेत आणि तिचे एकही वाक्य नाही. तिने केलेल्या म्हणून दोनच गोष्टी आहेत: एकदा ती हसली, आणि आता ती गप्प आहे.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. मित्रांच्या बोलण्यावर विश्वास किती ठेवायचा, हे त्या विश्वासावर तुम्ही काय उभारणार आहात यावर अवलंबून आहे. तिला एकटीला चहाला बोलवायचे असेल, तर आज हाती आहे तेवढे पुरेसे आहे. तेवढ्यासाठी रूममेटचा एक प्रश्नही पुरला असता, कारण ती "नाही जमणार" म्हणाली तरी कोणाचे फार नुकसान होत नाही. तिला एकदम लग्नाचे विचारायचे असेल, तर हे मुळीच पुरेसे नाही. जिच्याशी दोन वर्षांत मनातले एक वाक्य बोलला नाहीत, तिच्यासमोर आयुष्याचा निर्णय ठेवणे म्हणजे तिला हो किंवा नाही यांच्यामध्ये उभे राहायला जागाच न देणे. तिला तुम्ही थोडेसे आवडत असाल, पण अजून खात्री नसेल, तर अशा प्रश्नाला ती घाबरून "नाही" म्हणेल आणि ते "नाही" मग मागे घेणे तिलाही कठीण होईल.

पहिले काम, चिडवणे थांबवा. ज्या मित्राने राजगडावर ते वाक्य टाकले, त्याला एकट्याला सांगा, की "तिचं नाव घेऊन यापुढे काही बोलू नकोस, मला ते आवडत नाही." हे तिच्या कानावर जावे म्हणून करू नका, चिडवणे चालू असेपर्यंत ती तुमच्याशी नैसर्गिक वागूच शकत नाही, म्हणून करा. मग आठ-दहा दिवस जाऊ द्या. त्यानंतर तिला स्वतंत्र संदेश पाठवा, ग्रुपवर नाही. तो लांबलचक नको: "या आठवड्यात ऑफिसनंतर अर्धा तास भेटू शकशील का? फक्त आपण दोघं. मला तुझ्याशी थोडं बोलायचंय." यात "फक्त आपण दोघं" हे शब्द महत्त्वाचे आहेत. ते वाचल्यावर तिला अंदाज येईल आणि यायचे की नाही, हे तिला मोकळेपणाने ठरवता येईल. जागा अशी निवडा जेथून ती केव्हाही उठून जाऊ शकेल. तुमच्या खोलीवर नको, तुमच्या बाइकवरून लांब कोठे तर नकोच. तिच्या ऑफिसजवळचे एखादे उपाहारगृह उत्तम.

भेटल्यावर मित्रांचा उल्लेख करू नका. "सगळे म्हणतात की तुला मी आवडतो" या वाक्याने तीन गोष्टी एकदम बिघडतात. आपल्या पाठीमागे आपली चर्चा चालली होती हे तिला कळते. रूममेटने तिच्यासाठी काही केले असेल तर ते उघडे पडते. आणि मुख्य म्हणजे, तुम्ही स्वतः काहीच सांगितलेले नसताना दुसऱ्यांनी केलेल्या विधानाचा खुलासा करण्याची वेळ तिच्यावर येते. त्याऐवजी स्वतःपुरते बोला: "मला तू बऱ्याच दिवसांपासून आवडतेस. तुला तसं वाटत नसेल तर तसं सांग, मी ते मानेन. पण वाटत असेल, किंवा विचार करावासा वाटत असेल, तर आपण ग्रुपशिवाय थोडं भेटत जाऊ या का?" यात लग्न हा शब्द नाही, पण हेतू लपवलेलाही नाही. तिने पुढे विचारले, की "म्हणजे लग्नाच्या दृष्टीने?" तर खरे उत्तर द्या.

ती "नाही" म्हणाली, तर तेथेच थांबा. "पण मित्र तर म्हणत होते" असे म्हणून तिच्या नकाराला मित्रांच्या साक्षीने आव्हान देऊ नका, आणि रूममेटकडे जाऊन "खरं काय आहे?" असेही विचारू नका. जी गोष्ट तुम्ही इतके महिने आडून ऐकत होता, ती आता तिच्या तोंडून मिळाली. त्यापुढे बाकी सगळ्यांचे अंदाज रद्द. ती "विचार करून सांगते" म्हणाली, तर किती दिवसांत ते तिलाच ठरवू द्या आणि तोवर कोणाकरवीही आठवण करू नका. ती मुदत टळूनही काही आले नाही, तर तो सौम्य शब्दांतला नकार आहे असे समजा.

राहिला कोल्हापूरचा प्रश्न. ही भेट दिवाळीच्या आधी उरकून घ्या. तिचा होकार आला तर आईला ताबडतोब सांगा, आणि तिने मुदत मागितली असेल तर आईला एवढेच सांगा, की कोल्हापूरचे तीन-चार आठवडे पुढे ढकल. कारण विचारले तर खरे कारण सांगायला हरकत नाही. मन येथे गुंतलेले ठेवून त्या घरी पोहे खायला जाऊ नका. त्या मुलीच्या घरची माणसे तुमच्याविषयी चौकशी करत असतील, आणि तिलाही कोणीतरी मध्यस्थ आजच सांगत असेल, की मुलाकडच्यांचा उत्साह दिसतो, तुझा फोटो मुलाला आवडला आहे.